एक जोडी डंबेल, आठवड्यातले तीन दिवस

तालमीत जोर-बैठका काढणाऱ्या पैलवानाला ओढण्याचा व्यायाम निराळा करावा लागत नाही. आखाड्यात तो समोरच्याला खेचतो, दोरावर चढतो, मल्लखांब करतो. घरातल्या घरात जोर-बैठका काढणाऱ्याला यातलं काहीच मिळत नाही. जोरांत आपण जमीन ढकलतो, बैठकांत स्वतःचं वजन पायांवर पेलतो; पण स्वतःकडे खेचावं असं घरात काही नसतं. वाकून जड वस्तू उचलताना मांडीच्या मागच्या आणि पाठीच्या स्नायूंची जी ताकद लागते, तीही या दोन्हींतून फारशी येत नाही. डंबेलची जोडी घ्यायची ती प्रामुख्याने या दोन उणिवा भरून काढण्यासाठी. बहुतेक जण ती आणतात आणि नुसत्या दंडाच्या बेटकुळ्या काढत बसतात, म्हणून ती लवकरच पलंगाखाली जाते.

विकत घेताना एकसंध डंबेलपेक्षा दोन रॉड आणि सुट्या प्लेट्स असलेला सेट घ्यावा. त्यात अर्ध्या किंवा एक किलोच्या छोट्या प्लेट्स असतील तर फारच उत्तम. त्या का लागतात ते पुढे येईलच. प्लेट्स धरून ठेवणारे नट दर वेळी हाताने घट्ट करून पाहायचे, विशेषतः डंबेल डोक्यावर न्यायचं असेल तेव्हा.

व्यायाम सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी करायचा. तिन्ही दिवशी सगळ्या शरीराचा, पण दोन वेगवेगळे पाठ आलटून पालटून. पहिल्या पाठात गॉब्लेट स्क्वॉट, पुश-अप, एका हाताचं रोइंग आणि शेवटी प्लँक. दुसऱ्या पाठात रोमानियन डेडलिफ्ट, खांद्यावरून डोक्यावर डंबेल नेण्याचा शोल्डर प्रेस, पुन्हा रोइंग आणि शेवटी एका हातात डंबेल धरून, कुठल्याही बाजूला न झुकता, घरातल्या घरात अर्धा मिनिट चालणं. मग हात बदलायचा. या आठवड्यात पहिला-दुसरा-पहिला असे पाठ झाले, तर पुढच्या आठवड्यात दुसरा-पहिला-दुसरा. एखादा दिवस चुकला तर तो भरून काढायला एका दिवशी दोन पाठ करू नयेत. राहिलेला पाठ पुढच्या दिवशी करावा.

मधला एक दिवस सुटीचा असतो तो आळस म्हणून नव्हे. ताण पडलेला स्नायू स्वतःची डागडुजी साधारण एक ते दोन दिवस करत असतो, आणि ताकद या काळात तयार होते. नवशिक्याला आज छाती, उद्या पाठ, परवा पाय अशी वाटणी करायची गरज नाही. त्याला आधी हालचाली शिकायच्या असतात, आणि एकच हालचाल आठवड्यातून दोन-तीनदा केली तर ती लवकर अंगवळणी पडते.

प्रत्येक व्यायामाचे तीन सेट, पहिल्या आठवड्यात मात्र दोनच. प्लँक आणि चालणं सोडून बाकी व्यायाम एका सेटमध्ये ८ ते १२ वेळा, आणि दोन सेटच्या मध्ये दीड ते दोन मिनिटं विश्रांती. सुरुवातीला पाच मिनिटं हात फिरवणं, वजनाशिवाय दहा-बारा बैठका आणि पहिल्या व्यायामाचा एक हलका सेट. सगळं मिळून चाळीस मिनिटांच्या आसपास होतं.

यात शिकायला सर्वांत अवघड रोमानियन डेडलिफ्ट, म्हणून त्याच्यावर जरा थांबू या. दोन्ही हातांत डंबेल, ती मांड्यांना लागून, गुडघे किंचित सैल. आता वाकायचं ते कमरेतून नव्हे, खुब्यातून. दोन्ही हातांत सामान असताना आपण दार पार्श्वभागाने मागे ढकलतो, तसे नितंब मागे न्यायचे. पाठ सरळ राहते आणि डंबेल मांडीवरून घसरत गुडघ्याच्या थोडं खाली पोहोचतात. मांडीच्या मागे ताण जाणवला की तिथेच थांबून पुन्हा उभं राहायचं. जमिनीला टेकवायचा हट्ट नको. आधी भिंतीकडे पाठ करून, वीतभर पुढे उभं राहून, नितंबांनी भिंतीला स्पर्श करण्याचा सराव करावा. व्यायाम चुकतोय हे ओळखायची खूण सोपी आहे: ताण मांडीमागे न जाणवता कमरेत जाणवू लागला, म्हणजे पाठ गोल होते आहे. वजन कमी करा, खोली कमी करा, आणि मोबाइल बाजूला ठेवून एक सेट चित्रित करून पाहा.

पुश-अपची गोष्ट निराळी. तालमीतल्या जोरात कंबर वर उचलून अंग पुढे झोकायचं असतं. पुश-अपमध्ये डोक्यापासून टाचेपर्यंत शरीर एका रेषेत ठेवायचं. जमिनीवरच्या पुश-अपमध्ये शरीराच्या वजनाचा जवळपास दोन-तृतीयांश भार हातांवर येतो, म्हणजे साठ किलोच्या माणसाला एका दमात चाळीसेक किलो ढकलावे लागतात. नवशिक्याची कंबर लोंबकळते ती यामुळे. हात जितके उंचावर, तितका भार कमी. म्हणून सुरुवात स्वयंपाकघरातल्या ओट्यापासून करावी. तिथे तिन्ही सेट बारा-बारा झाले की हात पलंगाच्या कडेवर, मग एखाद्या बुटक्या भक्कम पाटावर, मग जमिनीवर. गुडघे टेकून करण्यापेक्षा मला हा मार्ग अधिक पसंत आहे, कारण यात शरीर सरळ ताठ धरण्याची सवय पहिल्या दिवसापासून लागते.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. गॉब्लेट स्क्वॉटमध्ये एक डंबेल उभं करून छातीशी दोन्ही हातांनी धरायचं आणि टाचा न उचलता खाली बसायचं. गुडघे आत वळू द्यायचे नाहीत. रोइंगमध्ये एक हात पलंगावर टेकवून दुसऱ्या हातातलं डंबेल खिशाच्या दिशेने ओढायचं. खांदा कानाकडे चढू लागला किंवा अंग पिळवटू लागलं, तर वजन जास्त आहे. प्रेस करताना कंबर मागे कलू नये म्हणून नितंब आवळून धरायचे, आणि उभ्याने करत असाल तर डोक्यावर पंखा नाही ना, ते बघायचं. वजन वर जाताना श्वास सोडायचा, खाली येताना घ्यायचा. श्वास कोंडून जोर लावला की रक्तदाब त्या क्षणी बराच वर जातो.

आता मुख्य प्रश्न. जोडी एकच, तर ताकद वाढत कशी राहणार?

याचं तत्त्व जुनं आहे. दुसऱ्या महायुद्धात जखमी झालेल्या सैनिकांच्या दुबळ्या मांड्यांवर अमेरिकी लष्करातले डॉक्टर थॉमस डीलॉर्म यांनी जड वजनांचे व्यायाम वापरून पाहिले, आणि १९४५ साली त्यावर लेख प्रसिद्ध केला. स्नायू सुधारेल तसं वजन वाढवत न्यायचं, हा त्यांच्या पद्धतीचा गाभा. घरी तेच करायचं, फक्त आधी आकडा वाढवायचा आणि मग वजन.

समजा, चाळिशीतल्या एक शिक्षिका आहेत, वजन साठ किलो. त्यांनी स्क्वॉटसाठी पाच किलोचं डंबेल धरलं. वहीत पहिली नोंद ८, ८, ७. दर वेळी एखाद-दुसरी भर पडत तीन-चार आठवड्यांत ती १२, १२, १२ झाली. सलग दोन पाठांत हा आकडा आला की वजन साडेसात किलो करायचं. नवी नोंद १०, ९, ९ अशी थोडी घसरते, आणि ती घसरायलाच हवी. पुन्हा तीच चढण.

आता याच बाईंनी प्रेससाठी दोन्ही हातांत पाच-पाच किलोंवरून साडेसात-साडेसात घेतले, तर डंबेल तीनदाही वर जाणार नाही. कारण स्क्वॉटमध्ये त्या डंबेलसोबत स्वतःचं शरीरही उचलत असतात; एकूण भारात अडीच किलोंची भर किरकोळ ठरते. प्रेसमध्ये मात्र तीच उडी थेट दीडपट आहे. म्हणूनच छोट्या प्लेट्स हव्यात. त्या नसतील तर प्रेस आणि रोइंगमध्ये बारावर न थांबता पंधरा ते अठरापर्यंत जावं आणि मगच वजन बदलावं.

प्लेट्स संपल्यावर काय? डंबेल तेच ठेवून खाली येण्याचा वेग कमी करायचा: मनात तीन आकडे मोजत खाली, तळाशी एक क्षण थांबा, मग वर. बारा सहज करणारा माणूस अशाने आठवरच अडतो. त्यानंतर एक पाय पुढे, एक मागे अशी स्प्लिट स्क्वॉट. यात भार मुख्यतः एका पायावर येतो. हलक्या वजनानेही स्नायू चांगले वाढतात, असं आतापर्यंतचं संशोधन सांगतं. अट एवढीच की सेट खरोखर दमछाकीच्या जवळ जायला हवा.

ते जवळ जाणं कसं ओळखायचं? सेट थांबवताना आणखी दोन नीट झाले असते, तिसरा झाला नसता, असं वाटलं पाहिजे. त्या सुमारास आपण घाई करत असलो तरी हालचालीचा वेग आपोआप मंदावतो. बारा करून सहज गप्पा मारता येत असतील, तर तो सेट फुकट गेला. उलट अंग वेडंवाकडं करून बारावा काढला असेल, तर वहीत अकराच लिहावेत.

पहिल्या आठवड्यात जिना उतरताना मांड्या दुखतील. हे दुखणं एक ते तीन दिवस राहतं, दोन्ही बाजूंना सारखं आणि स्नायूभर पसरलेलं असतं. त्याने घाबरू नये. एकाच बाजूला, सांध्यात, टोचल्यासारखं दुखलं तर तो व्यायाम थांबवावा. अंग असह्य दुखून सुजलं आणि लघवी चहासारखी गडद झाली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. अति व्यायामाने स्नायू तुटून मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. उच्च रक्तदाब, हर्निया, गरोदरपण किंवा नुकती झालेली शस्त्रक्रिया असेल, तर सुरुवातीआधीच डॉक्टरांना विचारावं.

पहिल्या महिन्यात वजनं भराभर वाढतात, आरशात मात्र काही दिसत नाही. ती वाढ मुख्यतः मज्जासंस्थेची असते: मेंदू आहेत तेच स्नायू अधिक चांगले वापरायला शिकतो. डोळ्यांना दिसेल असा बदल यायला दोन महिने तरी लागतात. पाच-सहा महिन्यांनी डेडलिफ्टसाठी तुमची जोडी हलकी पडू लागेल, कारण मांडीमागचे आणि नितंबांचे स्नायू शरीरातल्या सर्वांत ताकदवान स्नायूंपैकी आहेत. तेव्हा नवं यंत्र घेऊ नका. त्याच रॉडना बसतील अशा आणखी चार प्लेट्स घ्या.