कमीत कमी तारेत पाच गावं

अ, ब, क, ड आणि इ या पाच गावांना एका तारेच्या जाळ्यात जोडायचं आहे. तार टाकता येईल असे मार्ग सातच आहेत: अक २ किलोमीटर, बक ३, अब ४, डइ ५, बड ६, कड ७ आणि कइ ८. सगळी गावं जोडली जावीत, पण एकूण तार कमीत कमी लागावी. अशा जाळ्याला ‘मिनिमम स्पॅनिंग ट्री’ म्हणतात. पाच गावांना चार मार्ग पुरतात. पाचवा घेतला की नुसतंच वर्तुळ तयार होतं.

जोसेफ क्रुस्कल यांनी १९५६ मध्ये सुचवलेली रीत अशी: सगळे मार्ग लांबीनुसार लावा आणि सर्वांत आखूड मार्गापासून उचलत चला. अक आणि बक घेतले. पुढचा अब, पण अ आणि ब हे क मार्गे आधीच जोडलेले आहेत, म्हणून तो सोडायचा. मग डइ. इथे जाळ्याचे दोन वेगळे तुकडे झाले. बड त्यांना जोडतो. एकूण १६ किलोमीटर.

ही दोन गावं आधीच जोडलेली आहेत का, हे दरवेळी सगळं जाळं फिरून पाहणं महागात पडतं. त्यासाठी ‘युनियन-फाइंड’ वापरतात. प्रत्येक तुकड्याचा एक म्होरक्या ठरतो. दोन्ही गावांचा म्होरक्या एकच निघाला, तर मार्ग टाकून द्यायचा. वेगळे निघाले, तर एका म्होरक्याला दुसऱ्याच्या हाताखाली द्यायचं.

बेल लॅब्जमधल्या रॉबर्ट प्रिम यांची १९५७ची रीत चेक गणिती यार्निक यांनी १९३०मध्येच मांडली होती. तिच्यात जाळं एकाच गावातून वाढतं. अ पासून निघालो, तर क्रम येतो अक, कब, बड, डइ. बेरीज तीच, १६. मात्र डइ हा बडपेक्षा आखूड असूनही नंतर आला, कारण जाळं तोवर ड किंवा इ पर्यंत पोचलेलंच नव्हतं. जाळ्याच्या काठावरचे मार्ग ‘प्रायॉरिटी क्यू’मध्ये ठेवतात, ती दरवेळी सर्वांत आखूड मार्ग पुढे करते. अबची पाळी येते तेव्हा ब आधीच जाळ्यात असतो, म्हणून तो इथेही बाद होतो.

प्रोग्राम लिहिताना एक घोटाळा हमखास होतो. क्यूमध्ये त्या एका मार्गाची लांबी ठेवायची, तिथे अ पासूनचं एकूण अंतर ठेवलं जातं. मग अक, अब, कड, कइ निवडले जातात आणि तार २१ किलोमीटर लागते. ते डायक्स्ट्रांचं, अ पासून जवळच्या वाटा शोधणारं उत्तर झालं.

मार्ग मोजके असतील किंवा यादी आधीच क्रमानं लावलेली असेल, तर क्रुस्कल सोयीचा. हजार गावांत प्रत्येक जोडीमध्ये मार्ग असेल, तर ४,९९,५०० मार्ग क्रमानं लावत बसण्यापेक्षा प्रिम बरा; आणि तिथे क्यूसुद्धा नको, प्रत्येक गावाचं जाळ्यापासूनचं अंतर साध्या यादीत ठेवलं तरी भागतं.