रुजवात : यादीतून आणि संचातून
(संगणकाचे दफ्तर : लेखांक अकरावा)

पायथॉनची लिस्ट ही वस्तूंची नसून वस्तूंच्या पत्त्यांची माळ असते, आणि तिच्यातील चाळिसाव्या किंवा चाळीस हजाराव्या घराशी थेट जाऊन पोचणे तिला सारखेच सुलभ असते, हे गेल्या लेखांकात आपण पाहिले. आज त्याच लिस्टला उलट बाजूने प्रश्न विचारायचा आहे. अमुक घरात काय आहे, असे न विचारता अमुक वस्तू तुझ्या कोणत्याही घरात आहे काय, एवढेच विचारायचे आहे. आणि हा प्रश्न दिसायला जितका निरुपद्रवी तितकाच, लूपच्या आत बसवला असता, खर्चिक ठरतो.

माझ्या परिचयाचे एक ग्रंथपाल आहेत. त्यांच्या ग्रंथालयाच्या दाखल नोंदवहीत ६०,००० पुस्तकांची नोंद आहे, आणि प्रत्येक पुस्तकाला सहा अंकी दाखल क्रमांक दिलेला आहे. ग्रंथ-पडताळणीच्या वेळी कर्मचाऱ्यांनी कपाटामागून कपाट पालथे घालून हाती लागलेल्या ५७,००० पुस्तकांचे क्रमांक एका फाइलीत उतरवले. आता नोंदवहीशी त्या फाइलीची रुजवात घालून गहाळ पुस्तकांची यादी काढायची, एवढेच काम उरले होते, आणि त्यासाठी त्यांनी स्वतः लिहिलेल्या पायथॉनच्या चार ओळी अशा होत्या :

```python
gahal = []
for kramank in nondvahi:
    if kramank not in tapasleli:
        gahal.append(kramank)
```

या ओळींत चूक म्हणावी असे काही नाही. त्या मराठीतल्या वाक्यासारख्या वाचता येतात, आणि उत्तरही बरोबर देतात. प्रथम त्यांनी ६०० पुस्तकांच्या एका कपाटावर हा प्रयोग करून पाहिला, तेव्हा कळ दाबताक्षणी यादी पुढ्यात आली. संपूर्ण ग्रंथालयावर चालवला तेव्हा जवळजवळ मिनिटभर लागले, आणि तेवढ्या वेळात चहाचा घोट घेता येतो म्हणून त्याची कोणी दखल घेतली नाही. पुढे सहा शाखांच्या नोंदवह्या एकत्र करण्याची वेळ आली, तेव्हा मात्र पडदा अर्धा तास स्तब्ध राहिला आणि यंत्र बिघडले असावे असा समज होऊन त्यांनी मला बोलावणे पाठवले.

यंत्र बिघडले नव्हते. ते सांगितलेले काम शब्दशः करीत होते. `tapasleli` ही लिस्ट आहे, आणि लिस्टमध्ये `in` अथवा `not in` या शब्दांनी शोध घ्यायचा म्हणजे पहिल्या घरापासून क्रमाने निघून प्रत्येक घरातील वस्तूशी हातातील क्रमांक ताडून पाहायचा. प्रथम दोहोंचे पत्ते एकच आहेत काय हे पाहिले जाते, आणि ते नसतील तर मजकूर समान आहे काय हे तपासले जाते. आपल्या उदाहरणात दोन फाइली स्वतंत्रपणे वाचलेल्या असल्यामुळे "024317" हा क्रमांक दोहोंकडे असला तरी स्मृतीत त्याच्या दोन वेगळ्या प्रती असतात, सबब पत्त्याच्या तपासणीचा लाभ होत नाही. त्यातून सर्व क्रमांक सहा अंकीच असल्याने नुसत्या लांबीवरून ‘हा नव्हे’ असे म्हणून पुढे जाण्याचीही सोय उरत नाही, आणि प्रत्येक वेळी अक्षरे ताडावी लागतात. मिळाले तर शोध तिथेच थांबतो. न मिळाले तर लिस्टच्या शेवटापर्यंत जाणे प्राप्त आहे.

आता हिशेब मांडू. पुस्तके कपाटात विषयवार असतात आणि दाखल क्रमांक खरेदीच्या क्रमाने पडतात, त्यामुळे दोन याद्यांच्या क्रमात काही मेळ नाही. सापडणारा क्रमांक सरासरीने लिस्टच्या मध्यावर, म्हणजे २८,५०० घरे ओलांडल्यावर सापडेल. अशा ५७,००० क्रमांकांसाठी सुमारे १६२ कोटी तुलना झाल्या. जे ३,००० क्रमांक गहाळ आहेत त्यांच्यासाठी दर खेपेस पूर्ण ५७,००० घरे हिंडावी लागतात, म्हणजे आणखी १७ कोटी. एकूण सुमारे १८० कोटी. एका तुलनेस तीस नॅनोसेकंद धरले, तर ५४ सेकंद. ग्रंथपालांचे मिनिट हेच. ६०० पुस्तकांच्या कपाटावर याच रीतीने केवळ १ लाख ८० हजार तुलना होतात, आणि त्यांना लागणारे पाच-सहा मिलिसेकंद मनुष्याच्या ध्यानातही येत नाहीत. उलट सहा शाखा एकत्र केल्या की दोन्ही याद्या सहापट होतात, तुलना छत्तीसपट, आणि ५४ सेकंदांची बत्तीस मिनिटे. शंभर ओळींच्या नमुन्यावर हा दोष का उघडकीस येत नाही, याचे कारण या वर्गाच्या पटीत आहे.

अशा वेळी दोषाचे स्थान कसे ओळखावे? सर्वांत गावठी उपाय मला सर्वांत विश्वासाचा वाटतो : चालता कार्यक्रम `Ctrl-C` ने मध्येच थांबवावा आणि पायथॉन कोणत्या ओळींचा दाखला देतो ते पाहावे. दोन-तीनदा थांबवूनही बोट त्याच लूपकडे जात असेल, तर वेळ तिथेच जातो आहे. `cProfile` हे पायथॉनसोबत येणारे साधन अधिक प्रतिष्ठित खरे, पण या बाबतीत ते नवशिक्याला चकवते. कारण ते फंक्शनांच्या नावाने जमाखर्च ठेवते, आणि `in` ही फंक्शनची हाक नसल्यामुळे तिच्या नावाने ओळच निघत नाही. `append` ची ओळ निघते, तीवर ३,००० हाका आणि नगण्य वेळ दिसतो, आणि उरलेला सारा काळ लूप ज्या फंक्शनात आहे त्याच्या `tottime` या रकान्यात खर्ची पडलेला आढळतो. याद्या दुप्पट केल्यावर वेळ चौपट झाला, तर निदानाविषयी फारसा संशय उरत नाही.

उपाय एका ओळीचा आहे. लूप सुरू होण्यापूर्वी लिहावे :

```python
tapasleli = set(tapasleli)
```

बाकीच्या चार ओळींना हात लावावा लागत नाही. सेट, म्हणजे संच, हा आपल्याकडील वस्तू एका ओळीत उभ्या करीत नाही. वस्तूच्या मजकुरावरून ठरीव रीतीने एक मोठा पूर्णांक काढतो, ज्यास हॅश म्हणतात, आणि त्या अंकावरून तिचे घर निश्चित करतो. ही युक्ती पायथॉनच्या फार आधीची; आय. बी. एम. मधील हान्स पीटर लून यांनी १९५३ साली एका अंतर्गत टिपणात ती मांडली होती. आजच्या प्रचलित ६४-बिट पायथॉनमध्ये आपले ५७,००० क्रमांक सेटमध्ये एकामागून एक घातले, तर तो त्यांच्यासाठी १,३१,०७२ घरे राखतो, म्हणजे निम्म्याहून अधिक घरे मुद्दाम रिकामी असतात. "024317" विचारले की त्याचा हॅश काढायचा, त्याच्या द्विमान रूपातील शेवटच्या सतरा अंकांवरून घर ठरवायचे, आणि तेथे जाऊन पाहायचे. घर रिकामे असेल तर वस्तू नाही, असा जबाब तत्काळ मिळतो. दुसरीच कोणी तेथे बसलेली असेल तर आधी नुसते हॅश ताडले जातात, मजकुराची तुलना हॅश जुळले तरच होते, आणि न जुळल्यास शेजारची काही घरे पाहिली जातात. यादी ५७,००० ची असो वा साडेतीन लाखांची, पाहावी लागणारी घरे सरासरीने दोन-चारच राहतात. या सुलभतेची किंमत स्मृतीत मोजावी लागते : लिस्टला पत्त्यांपुरते साडेचार लाख बाइट पुरत होते, तर सेटच्या घरांना सुमारे वीस लाख लागतात. ग्रंथपालांच्या यंत्राला हा भार जाणवण्याजोगा नव्हता.

येथवर ऐकून ग्रंथपालांनी उत्साहाने दुरुस्ती केली ती मात्र अशी :

```python
    if kramank not in set(tapasleli):
```

आणि कार्यक्रम पूर्वीहूनही मंद झाला! कारण उघड आहे, पण ते मी पुष्कळांना चुकताना पाहिले आहे. `set(...)` ही ओळ लूपच्या पोटात गेल्यामुळे प्रत्येक क्रमांकासाठी ५७,००० वस्तूंचा सेट नव्याने बांधला जातो, एक प्रश्न विचारला जातो, आणि सेट टाकून दिला जातो. लिस्टमधला शोध निदान मध्यावर थांबण्याची शक्यता असते. सेटच्या बांधणीला प्रत्येक वस्तूस हात लावावाच लागतो. याच कारणास्तव, ज्या यादीला आयुष्यात एकच प्रश्न विचारायचा आहे तिच्यासाठी सेट बांधणे हा निव्वळ तोटा होय, आणि जिच्यात पाच-दहा नावे आहेत तिच्याविषयी चिंता वाहण्याचे प्रयोजन नाही.

ओळ लूपच्या बाहेर आणल्यावर एका ग्रंथालयाचे काम डोळ्याचे पाते लवते न लवते तोच उरकले. सहा शाखांच्या वेळी मात्र निराळीच अडचण आली. दर शाखेचे दाखल क्रमांक एकपासून सुरू होणारे असल्याने नुसत्या क्रमांकावर भागेना. शाखा आणि क्रमांक यांची जोडी लागली, आणि ती त्यांनी `["पूर्व", "024317"]` अशी लहान लिस्टच्या रूपाने ठेवली होती. मूळ मंद कार्यक्रमाने ती विनातक्रार चालवून घेतली असती. सेटने `TypeError` देऊन `unhashable type: 'list'` असा शेरा मारला. जिचा मजकूर मागाहून बदलता येतो तिचे घर मजकुरावरून ठरवणे धोक्याचे, कारण मजकूर बदलला की ती वस्तू असेल एका घरात आणि शोधली जाईल दुसऱ्यात. म्हणून लिस्टला सेटमध्ये प्रवेश नाही. चौकोनी कंसांच्या जागी गोल कंस घातले, म्हणजे जोडी टपलच्या रूपात ठेवली, की हरकत उरत नाही. दोन्ही फाइलींतील जोड्या मात्र एकाच रूपाच्या हव्यात. एकीकडे लिस्ट आणि दुसरीकडे टपल राहिल्यास त्यांतील मजकूर एकच असूनही पायथॉन त्यांना समान मानीत नाही.

शेवटी ग्रंथपालांनी विचारले की दोन्ही याद्यांचे सेट करून एकातून दुसरा वजा केला, `set(nondvahi) - set(tapasleli)`, तर लूपही नको, नाही का? नको, हे खरे. पण मग गहाळ पुस्तके नोंदवहीच्या क्रमाने मिळणार नाहीत. सेटला क्रम ठाऊक नसतो, आणि कोणी दुष्ट हेतूने एकाच घरात गर्दी करणारे मजकूर मुद्दाम पाठवून यंत्र खोळंबवू नये, म्हणून पायथॉन ३.३ पासून मजकुरांचे हॅश दर खेपेस निराळे काढले जातात. त्यामुळे तीच यादी आज एका क्रमाने आणि उद्या दुसऱ्या क्रमाने छापली जाते. कार्यकारी मंडळापुढे ठेवायच्या यादीस हे चालण्यासारखे नव्हते, म्हणून `nondvahi` लिस्टच राहू दिली, `tapasleli` तेवढी सेट केली, आणि लूप कायम ठेवला. सेटमध्ये जाताना तपासलेल्या फाइलीतली काही दुबार नोंद झालेली पुस्तके मूकपणे एक झाली; एकच पुस्तक दोन कपाटांत कसे मोजले गेले हे ज्यांना शोधायचे होते त्यांच्यासाठी मूळ फाइल तशीच जपून ठेवावी लागली.