बोटं का टेकत नाहीत?

सूर्यनमस्कारातल्या पादहस्तासनात अनेकांचे हात नडगीपाशीच अडतात. दोष कमरेला दिला जातो, पण बरेचदा अडवणूक मांडीच्या मागच्या हॅमस्ट्रिंग स्नायूंची असते. बसताना टेकतं त्या हाडापासून ते गुडघ्याखाली जातात. पुढे वाकताना ते ताणले गेले नाहीत, की ओटीपोटाचं हाड मागेच धरलं जातं आणि उरलेलं वाकणं पाठीला करावं लागतं. म्हणून पाठीची कमान होते.

ओळखायचं कसं? गुडघे थोडे दुमडून वाकावं. हात झटकन खाली गेले, तर अडथळा बहुधा मांडीमागेच आहे.

सर्वात सोपा ताण दाराच्या चौकटीत मिळतो. पाठीवर झोपून एक पाय दारातून पलीकडे सरळ पसरावा, दुसऱ्याची टाच चौकटीवर टेकवावी. मांडीच्या मध्यावर ओढ जाणवेल इतपतच सरकावं. गचके द्यायचे नाहीत. उसळ्या मारल्या की स्नायू उलट आखडतो. 1994 साली बँडी आणि आयरियन यांनी आठवड्यातून पाच दिवस, सहा आठवडे ताण देऊन पाहिला. 15 सेकंदांपेक्षा 30 सेकंद सरस ठरले, 60 सेकंदांनी मात्र जास्तीचं काही मिळालं नाही.

सुरुवातीला वाढतो तो मुख्यतः ताण सोसण्याचा पल्ला. स्नायूची लांबी नंतर, तीही हळूहळू. प्रत्यक्ष लांबी वाढवायला भार घेऊन सावकाश वाकण्याचे व्यायाम अधिक उपयोगी पडतात.

पोटरीत किंवा तळव्यात मुंग्या आल्या, तर ओढ नसेवर पडते आहे. तिथेच थांबावं आणि फिजिओथेरपिस्टला दाखवावं.