उन्हाने भाजणे आणि उन्हाचे निमित्त होणे

पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुका अंजिरांसाठी प्रसिद्ध आहे. मिठा बहाराची फळे ऐन उन्हाळ्यात तोडणीला येतात आणि तोडणीची माणसे दिवसाचे कित्येक तास बागेत असतात. समजा, अशा एका बागेतील तिघांनी कातडी भाजल्याची तक्रार केली. पहिला शहरातून सुट्टीला आलेला तरुण असून त्याने दिवसभर बनियनवर काम केले. दुसरी बाई रोज तोडणीला येणारी आहे. तिसरा बागेचा राखणदार असून त्याचे काही औषध चालू आहे. तिघांनाही “ऊन लागले” असे सांगून कोणी एकच मलम दिले, तर उपाय फक्त पहिल्याच्या बाबतीत बरोबर ठरेल. उरलेल्या दोघांचा त्रास पुन्हा पुन्हा उद्भवत राहील, कारण त्यांच्या दुखण्यात ऊन हे केवळ निमित्त आहे.

साधा सूर्यदाह

पहिल्या तरुणाला झाला तो साधा सूर्यदाह होय. सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांचे त्वचेच्या दृष्टीने दोन प्रकार महत्त्वाचे आहेत. आखूड लांबीचे ‘ब’ किरण भर दुपारी तीव्र असतात आणि साध्या काचेतून बहुतांशी पार होत नाहीत. सूर्यदाह मुख्यतः यांच्यामुळे होतो. लांब लांबीचे ‘अ’ किरण मात्र काचेतून पुष्कळसे पार होतात आणि सकाळ-संध्याकाळच्या उन्हातही असतात.

सूर्यदाहाची आग उन्हातून आल्यावर काही तासांनी सुरू होते, बारा ते चोवीस तासांत शिगेला पोहोचते आणि तिसऱ्या दिवसापासून उतरू लागते. पुढे कातडीचे पापुद्रे निघतात. उघड्या भागावर सर्वत्र सारखा दाह आणि बनियनच्या कडेशी सरळ रेघ, अशी त्याची खूण असते. सावळ्या कातडीवर लाली चटकन दिसत नाही. म्हणून रंगापेक्षा ऊब, सूज आणि स्पर्शाने होणारी वेदना यांवर लक्ष ठेवावे.

चिकाचा डाग

तोडणी करणाऱ्या बाईची गोष्ट निराळी आहे. अंजिराचे देठ किंवा पान तुटले की पांढरा चीक येतो. त्यात सोरालेन जातीची द्रव्ये असतात. कातडीत मुरलेल्या या द्रव्यांवर ‘अ’ किरण पडले की ती पेशींना इजा करतात. नुसता चीक किंवा नुसते ऊन यांपैकी एकाने ही इजा होत नाही. दोन्हींची गाठ पडावी लागते. घामाने ओल्या झालेल्या कातडीत ही द्रव्ये अधिक सहज मुरतात. यात ॲलर्जीचा संबंध नाही. पुरेसा चीक आणि पुरेसे ऊन मिळाले तर कोणालाही हा त्रास होऊ शकतो.

येथे वेळेचे गणित फसवे असते. अंजिराच्या चिकाने थोडी चुणचुण लगेच होऊ शकते, पण खरी इजा पहिल्या दिवशी बहुधा दिसत नाही. सुमारे चोवीस तासांनंतर आग सुरू होते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, म्हणजे सूर्यदाह उतरू लागतो त्या सुमारास, फोड येतात. आदल्या दिवसाचा चीक तोवर कोणाच्या ध्यानातही नसतो. खरी ओळख डागाच्या आकारावरून पटते. चीक जसा ओघळला तसे पट्टे, शिंतोडे उडाले तेथे ठिपके, मनगटावर बोटे टेकली तेथे बोटांचे ठसे. शेजारची तितकीच उघडी कातडी मात्र निकोप असते. फोड बसल्यावर तपकिरी डाग पडतो आणि तो काही महिने टिकू शकतो.

लिंबाच्या सालीत व रसातही याच जातीची द्रव्ये असतात. उन्हाळ्यात मांडवात सरबतासाठी लिंबे पिळून तसेच उन्हात वावरणाऱ्यांच्या हातांवर असे डाग उठतात. शिक्षकांनी एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. लिंबू पिळलेल्या हाताने आईने मुलाचा दंड धरला आणि मूल उन्हात खेळायला गेले, तर दंडावर पुढे बोटांच्या आकाराचे काळसर ठसे उमटू शकतात. ते मारहाणीचे वळ वाटतात. वळाचा रंग दिवसागणिक पालटतो आणि तो दोन-तीन आठवड्यांत सहसा नाहीसा होतो. हा तपकिरी ठसा तसाच राहतो. मुलाकडे शांतपणे विचारपूस करावी आणि डॉक्टरांना दाखवावे. निष्कर्ष घाईने काढू नये. तसेच मारहाणीची शक्यताही परस्पर बाद करू नये.

औषध आणि ऊन

राखणदाराने एरवीइतकेच ऊन घेतले होते, तरी उन्हात असतानाच त्याच्या चेहऱ्याची आणि हातांच्या पाठीची आग होऊ लागली. ऊन नेहमीचेच आणि दाह मात्र अवाजवी, ही औषधजन्य प्रतिक्रियेची पहिली खूण होय. तो डॉक्सिसायक्लीन घेत होता. हे औषध अनेक जंतुसंसर्गांवर देतात. लेप्टोस्पायरोसिसच्या प्रतिबंधासाठीही ते वापरले जाते. रक्तदाबावरील हायड्रोक्लोरोथायझाइड आणि मनोविकारांवरील क्लोरप्रोमाझीन हीदेखील अशी प्रतिक्रिया घडवू शकणारी औषधे आहेत. ही औषधे घेणाऱ्या प्रत्येकाला त्रास होतोच असे नाही.

औषध रक्तातून सर्वत्र पोहोचते. म्हणून येथे पट्टे किंवा ठिपके नसतात. उजेड पडतो तो सर्व भाग दोन्ही बाजूंनी सारखा भाजतो. हनुवटीखालची जागा, कानामागचा भाग, वरच्या पापण्यांची घडी आणि घड्याळाखालचे मनगट मात्र वाचते. ‘अ’ किरण काचेतून येत असल्यामुळे बंद काचेच्या जीपमध्ये बसलेल्या चालकालाही हा त्रास होऊ शकतो. हनुवटीखाली, पापण्यांवर आणि कोपराच्या घडीतही खाज व पुरळ असेल, तर गाजर गवतासारख्या हवेतून येणाऱ्या कारणाचा संशय घ्यावा. ते ॲलर्जीचे दुखणे असून त्याची तऱ्हा वेगळी आहे.

काय करावे

तिघांनीही सावलीत जावे आणि गार पाण्याच्या घड्या ठेवाव्यात. फोड फोडू नयेत. लिंबू किंवा कोणताही पाला लावू नये. लिंबाने तर नवी इजा होईल. चीक अंगावर पडल्यास फडक्याने नुसता पुसू नये, साबण व पाण्याने ताबडतोब धुवावा आणि तो भाग दोन दिवस कपड्याने झाकून ठेवावा. तोडणीच्या वेळी लांब बाह्यांचा सदरा व हातमोजे वापरावेत. चिकाने भरलेले कपडे धुतल्याशिवाय पुन्हा घालू नयेत.

औषधाचा संशय असल्यास चालू गोळ्यांची पाकिटे घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. रक्तदाबाची किंवा मनोविकाराची गोळी आपल्या मनाने बंद करणे कातडीच्या दाहापेक्षा धोक्याचे ठरू शकते. बदली औषध द्यावे की उन्हापासून जपून तेच चालू ठेवावे, हे डॉक्टर ठरवतील. डॉक्सिसायक्लीन थांबवल्यानंतरही काही दिवस ऊन टाळणे इष्ट असते. ताप, तोंडात फोड, डोळ्यांची लाली किंवा झाकलेल्या अंगावरही फोड आले, तर हे उन्हाचे दुखणे नसून औषधाची गंभीर प्रतिक्रिया असू शकते. अशा रुग्णास त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे.

तक्रार घेऊन आलेल्या माणसाला तीन प्रश्न विचारावेत. त्रास उन्हानंतर किती वेळाने सुरू झाला? डागाचा आकार कसा आहे आणि कोणता भाग वाचला? आदल्या दोन दिवसांत हाताला काय लागले आणि पोटात कोणते औषध गेले? बागेतील तिघांची दुखणी एकमेकांपासून निराळी ओळखण्यास बहुधा एवढी विचारपूस पुरते.