मताला धार, शब्दांना कात्री

वृत्तपत्राच्या संपादकीय पानावर जाणाऱ्या मतप्रधान लेखाचा कच्चा खर्डा वाचून अभिप्राय देताना क्रम पाळावा लागतो. आधी भूमिका, मग युक्तिवाद आणि शेवटी शब्दसंख्या. बरेच जण उलटे करतात: पहिल्या वाचनातच ऱ्हस्वदीर्घ सुधारतात, वाक्ये घासूनपुसून घेतात. नंतर लक्षात येते, की इतकी मेहनत घेतलेला परिच्छेद लेखात राहणारच नाही.

एक काल्पनिक खर्डा घेऊ. विषय पुण्यातली हेल्मेटसक्ती, जागा ७०० शब्दांची आणि हाती आलेला मजकूर ११५० शब्दांचा. पुण्यात या विषयावर वर्षानुवर्षे वाद झाले आहेत, सक्तीविरुद्ध आंदोलनेही झाली आहेत. त्यामुळे वाचक कोऱ्या मनाने लेखाकडे येणार नाही, हे अभिप्राय देणाऱ्याने गृहीत धरायचे.

भूमिका तपासण्याची रीत साधी आहे. खर्डा एकदा सलग वाचून बाजूला ठेवायचा आणि लेखकाला न विचारता त्याचे म्हणणे एका वाक्यात लिहायचे. या खर्ड्यातून निघालेले वाक्य असे: ‘दुचाकीस्वारांनी सुरक्षिततेबाबत जागरूक राहिले पाहिजे.’ याला विरोध करणारा माणूस शोधून सापडणार नाही, आणि ज्याला विरोधकच नाही ते मत नव्हे. शेवटच्या परिच्छेदात लेखक ‘सरकारने कठोर कायदा करावा’ अशी मागणी करतो, पण तिथेही गडबड आहे. मोटार वाहन कायदा १९८८चा आहे आणि त्याच्या कलम १२९ने चालक व मागे बसणारा या दोघांनाही हेल्मेट बंधनकारक केले आहे. म्हणजे वाद कायदा करण्याचा नसून त्याच्या अंमलबजावणीचा आहे. म्हणून अभिप्रायात लेखकाला विचारायचे: मागणी नेमकी कोणाकडे आहे, आणि ती मान्य झाली तर उद्या काय बदलेल? ‘शहरातल्या अंतर्गत रस्त्यांवरही, मागे बसणाऱ्यासह, वाहतूक पोलिसांनी दंड करावा’ हे वाक्य लिहिले की भूमिका उभी राहते, कारण आता तिची किंमत मोजणारे लोक समोर येतात. शीर्षक प्रश्नार्थक असण्याला मात्र हरकत नसते. १८९७मध्ये ‘केसरी’त आलेल्या ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ या अग्रलेखाचे मथळ्यातले प्रश्नचिन्ह कोणालाही संभ्रमात टाकणारे नव्हते.

युक्तिवाद तपासताना जास्त वेळ जातो, आणि तो जायलाच हवा. खर्ड्यातला मुख्य आधार एक आकडा आहे: ‘हेल्मेटमुळे अपघाती मृत्यू ४२ टक्क्यांनी कमी होतील.’ हा आकडा हवेतून आलेला नाही. अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन आढाव्यात तो आहे. पण त्याचा अर्थ वेगळा आहे. अपघातात सापडलेल्या मोटारसायकलस्वारांपैकी हेल्मेट घातलेल्यांचा मृत्यूचा धोका न घातलेल्यांपेक्षा सुमारे ४२ टक्क्यांनी कमी असतो, असे तो आढावा सांगतो. शहरातले एकूण मृत्यू किती घटतील हे आज किती जण हेल्मेट घालतात आणि सक्तीनंतर आणखी किती जण घालतील यावर अवलंबून राहील. ‘अपघातात सापडलेल्यांमध्ये’ ही अट गळाली की खरा आकडा खोटे बोलू लागतो, आणि जाणकार वाचकाचा विश्वास तिथेच उडतो.

त्याहून मोठी फट दुसरीकडे आहे. हेल्मेट जीव वाचवते हे सिद्ध झाले तरी सक्तीने हेल्मेटचा वापर वाढतो हे आपोआप सिद्ध होत नाही. खर्डा पहिल्यावरून दुसऱ्यावर उडी मारतो. अभिप्रायात ही उडी दाखवायची आणि कोणत्या प्रकारचा पुरावा लागेल तेही सांगायचे. उदाहरणार्थ, अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्याने २०००मध्ये २१ वर्षांवरील, वैद्यकीय विमा असलेल्या चालकांवरची सक्ती उठवली. त्यानंतर हेल्मेटचा वापर जवळपास निम्म्यावर आला आणि मोटारसायकलस्वारांचे मृत्यू वाढले. त्याच काळात मोटारसायकलींची नोंदणीही वाढली होती, पण तो हिशेब धरूनही मृत्यूचे प्रमाण वाढलेलेच दिसले. ही पुस्ती लेखात हवी, नाहीतर विरोधक तिथेच बोट ठेवील.

विरोधकाचा मुद्दा घेतानाही खर्ड्याने सोपी वाट धरली आहे. ‘केस बिघडतात म्हणून लोक हेल्मेट घालत नाहीत’ असे म्हणून लेखक त्याची खिल्ली उडवतो. सक्तीविरोधकांचा खरा मुद्दा वेगाचा आहे: हमरस्त्यावर ठीक, पण गर्दीच्या पेठेत गाडी पळतेच कुठे? याला उत्तर दिल्याशिवाय लेख पुण्यात तरी टिकणार नाही. उत्तर आहे. दीड मीटर उंचीवरून मोकळेपणे खाली येणारे डोके जमिनीला लागते तेव्हा त्याचा वेग ताशी १९-२० किलोमीटर झालेला असतो, मग गाडी उभी का असेना. केसांची वाक्ये काढून त्या जागी हा हिशेब द्यावा, अशी सूचना करता येते. वाक्य मात्र लेखकानेच लिहायचे.

इथे एक पथ्य आहे. अभिप्राय देणारा स्वतः हेल्मेटसक्तीच्या विरोधात असू शकतो. ‘हे पटत नाही’ आणि ‘हे सिद्ध होत नाही’ यांतला फरक त्याला सांभाळावा लागतो. तीच टीप उलट मताच्या लेखावरही लिहिता आली असती का, एवढे स्वतःला विचारले की पुरते.

आता शब्द. जास्तीचे ४५० शब्द वाक्यावाक्यातून चिमटीने काढायला बसले तर काम संपत नाही. आधी मोठे तुकडे उचलायचे. पुणे एकेकाळी सायकलींचे शहर होते, हे सांगणारी १८० शब्दांची सुरुवात वाचायला गोड आहे, पण मुद्द्याला काही देत नाही. खड्ड्यांवरचे १४० शब्द म्हणजे दुसऱ्याच लेखाचा विषय. शेवटचे ९० शब्द आधीचेच पुन्हा सांगतात. उरले ७४०. फ्लोरिडा आणि उंचीचा हिशेब यांची भर ७० शब्दांची, म्हणजे ८१०. राहिलेले ११० वाक्यांतून निघतात: ‘या पार्श्वभूमीवर’, ‘हे लक्षात घेणे गरजेचे आहे’ यांसारखी पालुपदे, आणि ‘कारवाई करण्यात येत असते’ याऐवजी ‘कारवाई होते’.

ही काटछाट लेखकाने केली नाही तर पान लावताना घाईत कोणीतरी करतो, आणि तो बहुधा खालून कापतो. बातमीत तसे चालते, कारण तिथे महत्त्वाचे वर असते. मतलेखाची मागणी मात्र बहुतेक वेळा खालच्या परिच्छेदात असते. म्हणून ती वर, दुसऱ्या-तिसऱ्या परिच्छेदातही एकदा यावी, असे लेखकाला सुचवावे.

कापून आलेला खर्डा पुन्हा एकदा वाचावा लागतो, तोही निराळ्या नजरेने. शब्द वाचवताना सर्वांत आधी अटी जातात: ‘अपघातात सापडलेल्यांमध्ये’, ‘विमा असलेल्या’, ‘सुमारे’. पहिल्या खर्ड्याशी ताडून यातली प्रत्येक अट जागेवर आहे ना, हे पाहायचे. एखादी गेली असेल तर ती परत घालून तेवढे शब्द विशेषणांतून काढायचे.