काकूंना पाठवायचा एक निरोप

घरून सुटी कामं घेणारीला, म्हणजे फ्रीलान्सरला, नवं काम बहुतेक वेळा जुन्या गिऱ्हाइकाच्या शब्दावर मिळतं. तोच शब्द व्हिडिओत असला तर दूरच्या माणसालाही ऐकवता येतो. पण नुसतं "एक व्हिडिओ पाठवा ना" म्हटलं, तर समोरची बाई गोंधळते आणि "काम छान केलं, धन्यवाद" एवढंच बोलून मोकळी होते. त्यावरून नेमकं काय काम केलं, ते कुणालाच कळत नाही.

समजा, एक मुलगी संगणकावर पाकिटांची लेबलं करून देते. मसाला विकणाऱ्या गटाच्या काकूंना ती असा निरोप पाठवू शकते:

"काकू, नमस्कार. लेबलाबद्दलचा तुमचा अनुभव फोनवर रेकॉर्ड करून पाठवाल का? अर्धा मिनिट पुरे. कॅमेऱ्याची काच पुसा, खिडकीकडे तोंड करून बसा, पंखा बंद ठेवा. फोन उभा, डोळ्यांच्या उंचीवर, हातभर अंतरावर टेकवा. तीन गोष्टी सांगा: आधी लेबल कसं होतं, मी काय बदललं, मग काय फरक पडला. आधी दहा सेकंदांचा नमुना पाठवा. व्हिडिओ मी स्टेटसवर ठेवीन आणि नव्या गिऱ्हाइकांना दाखवीन. चालेल ना? नको असेल तर मोकळेपणाने सांगा."

यातल्या प्रत्येक वाक्याला कारण आहे. खिडकी पाठीमागे आली की चेहरा काळा दिसतो. फोन लांब गेला की आवाज बारीक येतो आणि पंख्याची घरघर वर येते. बोलण्याचा माइक बहुतेक फोनला खालच्या कडेला असतो. फोन धान्यात खुपसून उभा केला, तर तो झाकला जाऊन आवाज दबतो. हे सगळं दहा सेकंदांच्या नमुन्यात कळतं, म्हणून काकूंना पूर्ण व्हिडिओ पुन्हा करावा लागत नाही.

खरा जीव तीन प्रश्नांत आहे. त्यांच्या आधाराने काकू म्हणतील, "आधी आम्ही पाकिटावर हाताने लिहायचो, ओल्या हाताने शाई पुसायची. हिने छापील लेबल केलं, त्यावर वजन आणि तारीख ठळक घातली. आता दुकानदार तारीख विचारायला फोन करत नाही." ऐकणाऱ्याला काम डोळ्यांसमोर दिसतं. वाक्यं मात्र काकूंचीच हवीत. आपण लिहून दिली की त्यांची नजर कागदावर फिरते आणि बोलणं पाठ केल्यासारखं वाटतं.

शेवटी, व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ नेहमीसारखा पाठवला की त्याची स्पष्टता कमी होते. काकूंना तो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. आणि त्यांचं "हो, दाखव" हे उत्तर जपून ठेवा. ते येईपर्यंत व्हिडिओ कुणालाही दाखवू नका.