कान वाहणे (दीर्घकालीन)

दीर्घकालीन पूयस्रावी मध्यकर्णशोथ हा मध्यकर्णाचा चिवट दाह आहे. यात कानाच्या पडद्याला पडलेल्या छिद्रातून पू किंवा चिकट द्रव वारंवार अथवा सतत बाहेर येतो. बोलीभाषेत यास ‘कान वाहणे’ किंवा ‘कान फुटणे’ असे म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार असा स्राव दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकला, तर तो दीर्घकालीन समजतात. अनेक कान-नाक-घसा तज्ज्ञ मात्र ही मुदत सहा आठवडे ते तीन महिने धरतात. संघटनेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार जगातील साडेसहा कोटी ते तेहतीस कोटी लोकांचे कान वाहतात आणि त्यांपैकी सुमारे ६० टक्के लोकांना लक्षणीय श्रवणदोष असतो.

या रोगाचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात पडद्याच्या मध्यभागात छिद्र असते आणि स्राव मध्यकर्णाच्या ओलसर अस्तरातून, म्हणजे श्लेष्मकलेतून येतो. दुसऱ्यात पडद्याच्या वरच्या किंवा कडेच्या भागातून त्वचा आत शिरून साचते व हाड पोखरते. प्रस्तुत लेख मुख्यतः पहिल्या, अधिक आढळणाऱ्या प्रकाराविषयी आहे.

## पडदा आणि त्याचे कार्य

प्रौढ माणसाची बाह्यकर्णनलिका सुमारे अडीच सेंटिमीटर लांब असते आणि तिच्या आतल्या टोकाला कानाचा पडदा ताणून बसवलेला असतो. त्याचा व्यास नऊ-दहा मिलिमीटर, तर जाडी मिलिमीटरच्या सुमारे दहाव्या भागाइतकी असते. त्याची बाहेरची बाजू त्वचेने आणि आतली बाजू श्लेष्मकलेने मढवलेली असते. पडद्यामागील हवेने भरलेल्या पोकळीस मध्यकर्ण म्हणतात. तीत घण, ऐरण व रिकीब या आकारांची तीन चिमुकली हाडे असतात. पडद्याची कंपने या हाडांच्या साखळीतून अंतर्कर्णापर्यंत पोहोचतात. मध्यकर्ण एका अरुंद नळीने नाकाच्या मागील भागाशी जोडलेला असतो; तिला कंठकर्णनलिका म्हणतात.

ध्वनी ग्रहण करण्याबरोबरच पडदा दोन बाजूंनी राखणही करतो. बाहेरून येणारे पाणी तो अडवतो. पडद्यामागे कोंडलेली हवा उशीसारखी काम करते. तिच्या दाबामुळे नाकातील स्राव कंठकर्णनलिकेतून सहजासहजी वर चढत नाही. पडद्याला छिद्र पडले, की दोन्ही वाटा खुल्या होतात. बाहेरून पाणी आत जाते आणि हवेची उशी नाहीशी झाल्याने सर्दीत नाक जोराने शिंकरताच नाकातील जंतूही वर येतात. अशा कानाचा स्राव प्रत्येक सर्दीबरोबर वाढतो, याचे कारण हेच.

## सुरुवात

रोगाची सुरुवात बहुधा बालपणी होते. लहान मुलांची कंठकर्णनलिका आखूड व जवळजवळ आडवी असल्याने सर्दीचा दाह मध्यकर्णात लवकर पोहोचतो. तेथे पू साचतो, दाब वाढतो आणि कान असह्य ठणकतो. अखेर पडदा फाटून पू बाहेर पडला, की ठणका एकदम थांबतो. असे छिद्र बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपोआप बुजते.

स्राव थांबला नाही, तर छिद्राच्या कडेवर बाहेरची त्वचा आणि आतली श्लेष्मकला एकमेकींना येऊन मिळतात. कड अशी शिवल्यासारखी पक्की झाली, की छिद्र आपण होऊन भरून येण्याची शक्यता फारच कमी उरते. तीव्र आजाराचे दीर्घकालीन आजारात रूपांतर होते ते या टप्प्यावर. कुपोषण, दाटीची वस्ती, वारंवार होणारी सर्दी आणि घरातील धूर या गोष्टी त्यास हातभार लावतात.

## पाण्याचा संबंध

निरोगी कानात अंघोळीचे पाणी गेले, तरी सहसा बिघडत नाही. कर्णनलिकेची त्वचा आतून बाहेर हळूहळू सरकत असते आणि तिच्याबरोबर कचरा बाहेर येतो. कानातील मळ तेलकट व किंचित आम्लधर्मी असल्याने पाणी फार वेळ टिकू देत नाही. पडद्यामागची श्लेष्मकला मात्र पाण्याच्या संपर्कासाठी घडलेली नाही. पाणी लागताच ती सुजते आणि अधिक द्रव पाझरू लागते.

पाण्याबरोबर जंतूही येतात. अशा कानांतील पुवात सर्वाधिक आढळणाऱ्या जंतूंपैकी स्यूडोमोनास एरुजिनोसा हा पाण्यात व ओलसर जागी वाढणारा आहे. दुसरा, स्टॅफिलोकॉकस ऑरियस, त्वचेवर व नाकात वस्ती करतो. स्यूडोमोनास श्लेष्मकलेवर चिकट थर तयार करून त्याच्या आश्रयाने राहतो. त्या थरात औषध नीट शिरत नाही आणि शरीराच्या रक्षक पेशीही पोहोचत नाहीत. कान ओला राहिला, की तेथे ऊब, ओल आणि पुवातील पोषक द्रव्ये असे जंतूला हवे ते सारे एकत्र मिळते.

साबणाचे पाणी साध्या पाण्यापेक्षा अधिक त्रासदायक ठरते. साबणामुळे पाण्याचा पृष्ठताण कमी होतो, त्यामुळे साधे पाणी ज्या बारीक छिद्रापाशी अडले असते, त्यातूनही ते आत शिरते. विहिरीत किंवा नदीत बुडी मारताना पाण्याच्या दाबाने हाच परिणाम होतो. शिवाय गार पाणी मध्यकर्णात गेल्यास शेजारच्या समतोल राखणाऱ्या अर्धवर्तुळाकार नलिकेतील द्रव थंड होऊन अचानक भोवळ येते. पोहणाऱ्यासाठी ती जीवघेणी ठरू शकते.

मात्र पाण्याचा परिणाम सर्वत्र सारखा नसतो. पश्चिम ऑस्ट्रेलियातील दुर्गम आदिवासी वस्त्यांत क्लोरीनयुक्त जलतरण तलाव सुरू झाल्यानंतर मुलांच्या पडद्यांतील छिद्रांचे प्रमाण घटल्याचे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. नंतरच्या अभ्यासांत हा लाभ तितका स्पष्ट दिसला नाही. म्हणून स्वच्छ तलाव आणि गढूळ डबके यांना एकाच मापाने मोजता येत नाही. तरीही कान वाहत असताना तो कोरडा ठेवणे, हा उपचाराचा पाया आहे.

## दुर्लक्ष का होते

या रोगात सहसा वेदना नसते. पुवाला वाट मिळाल्याने दाब साचत नाही आणि दुखले नाही, म्हणून कोणी दवाखान्यात जात नाही. स्राव अधूनमधून आपोआप थांबतो. तेव्हा कान बरा झाला असे वाटते, पण छिद्र तसेच असते. ‘लहानपणी कान वाहतोच, मोठेपणी थांबेल’ ही समजूतही उपचार लांबवते.

घरगुती उपायांनी बरेचदा भरच पडते. लसूण घालून कोमट केलेले तेल कानात सोडल्यास ते छिद्रातून आत जाऊन साचते आणि बुरशीला पोषक ठरते. काडीने किंवा हेअरपिनने कोरल्यास नलिकेला जखम होते. कापसाचा बोळा दिवसभर घालून ठेवल्यास पू आतच कोंडतो. दुकानातून परस्पर आणलेले थेंब महिनोन्महिने घातल्यास जंतूंऐवजी बुरशी माजते आणि मग कान वाहण्याबरोबर खाजूही लागतो.

इकडे आत नुकसान चालूच राहते. सुजलेल्या श्लेष्मकलेतून मांसल गाठ वाढून पुवाची वाट अडवू शकते. हाडांच्या साखळीत ऐरणीचा लांब दांडा सर्वप्रथम झिजतो, कारण त्याचा रक्तपुरवठा तोकडा असतो. केवळ छिद्र असेल, तर श्रवणहानी साधारणतः दहा ते चाळीस डेसिबल असते. साखळी तुटली, की ती त्याहून वाढते.

## एक उदाहरण

पुढील उदाहरण कल्पित आहे. त्यातील घटनाक्रम मात्र अशा रुग्णांत नेहमी दिसणारा आहे. नऊ वर्षांच्या एका मुलाचा उजवा कान तिसऱ्या वर्षापासून वाहतो. दर मे महिन्यात विहिरीत पोहणे सुरू झाले, की आठ-दहा दिवसांत स्राव येतो. पावसाळ्यात सर्दीबरोबर तो पुन्हा येतो. घरचे तेल घालतात, कापूस लावतात. शाळेत मुलगा मागच्या बाकावर बसतो आणि श्रुतलेखनात शब्द गाळतो, म्हणून त्याची गणना दुर्लक्ष करणाऱ्यांत होते.

तपासणीत पडद्याच्या मध्यभागी छिद्र दिसते. पू पातळ, तारेसारखा लांबणारा आणि दुर्गंधीविना असतो. ५१२ हर्ट्‌झच्या नादकाट्याचा आवाज कानासमोर धरल्यापेक्षा कानामागच्या हाडावर टेकवल्यावर त्याला अधिक स्पष्ट ऐकू येतो. यावरून दोष ध्वनी पोहोचवणाऱ्या भागात आहे, नसेत नाही, हे कळते. श्रवणालेखात ३५ डेसिबलची हानी आढळते. जवळचे मोठ्याने बोललेले त्याला ऐकू येते, पण वर्गाच्या दुसऱ्या टोकाकडून आलेले वाक्य अर्धवट पोहोचते. तेव्हा गाळलेल्या शब्दांचे कारण कानात होते.

डॉक्टर प्रथम शोषणयंत्राने पू काढतात, कारण पुवाने भरलेल्या कानात घातलेले औषध श्लेष्मकलेपर्यंत पोहोचत नाही. त्यानंतर सिप्रोफ्लॉक्सासिनचे थेंब दिवसातून दोनदा, दोन आठवडे दिले जातात. थेंब घालण्यापूर्वी घरी स्वच्छ, शोषक कापडाची किंवा टिश्यू कागदाची वात करून कानात ठेवायची, ओली झाली की बदलायची आणि ती कोरडी बाहेर येईपर्यंत हे करायचे. मग मुलाला कुशीवर झोपवून थेंब घालायचे आणि कानाच्या भोकासमोरचा उंचवटा काही वेळा हलकेच दाबायचा, म्हणजे औषध छिद्रातून आत उतरते. अंघोळीपूर्वी व्हॅसलिन माखलेला कापसाचा बोळा लावायचा आणि अंघोळ झाली, की काढून टाकायचा. नुसता कोरडा कापूस पाणी शोषून ते आत धरून ठेवतो. पोहणे बंद.

दोन आठवड्यांत कान कोरडा होतो. छिद्र मात्र राहते, म्हणून पाण्याची काळजी चालूच ठेवावी लागते. पुढे कान काही महिने कोरडा राहिल्यावर कानावरील स्नायूचे पातळ आवरण काढून त्याचे ठिगळ पडद्याला लावण्याची शस्त्रक्रिया केली जाते. ठिगळ धरले, तर पाण्याची वाट बंद होते आणि ऐकणेही बरेच सुधारते.

## उपचारांच्या मर्यादा

कानात थेट घातलेल्या थेंबांमुळे औषधाची तीव्रता पोटातून घेतलेल्या गोळ्यांच्या मानाने कितीतरी अधिक मिळते; म्हणून साध्या स्रावात थेंबांना प्राधान्य असते. पडद्याला छिद्र असताना जेंटामायसिन, निओमायसिन यांसारख्या औषधांचे थेंब अंतर्कर्णाला अपाय करू शकतात, त्यामुळे ते स्वतःच्या मनाने वापरू नयेत. नीट उपचार करूनही कान कोरडा न झाल्यास बुरशी, मांसल गाठ किंवा दुसऱ्या प्रकारचा रोग यांचा शोध घ्यावा लागतो.

## धोक्याची लक्षणे

थोडा पण घाण वासाचा स्राव हाड पोखरणाऱ्या प्रकाराची शंका निर्माण करतो. त्यात केवळ थेंबांनी भागत नाही, शस्त्रक्रिया करावी लागते. कानामागे सूज येणे, चेहऱ्याची एक बाजू लुळी पडणे, भोवळ, तसेच तापासह तीव्र डोकेदुखी व उलट्या ही लक्षणे रोग शेजारच्या हाडात, नसेत, अंतर्कर्णात किंवा मेंदूच्या आवरणांपर्यंत पसरल्याची असू शकतात. अशा वेळी त्याच दिवशी रुग्णालय गाठणे आवश्यक असते. वर्षानुवर्षे वाहणाऱ्या कानात अचानक दुखणे सुरू झाले, तर तेही अशाच इशाऱ्याचे लक्षण मानतात.